पैगंबरांची पहिली चरित्रे : इब्न इसहाक यांचा ग्रंथ आणि इतिहासकारांपुढचे पेच

पैगंबर मुहम्मद यांचे सर्वांत जुने सविस्तर चरित्र लिहिले मदिनेच्या मुहम्मद इब्न इसहाक यांनी. ते मूळ स्वरूपात आज कुठेही उपलब्ध नाही. जगभर वाचले जाते ते त्या चरित्राचे एक संपादित रूप. ते इब्न इसहाक यांच्या एका शिष्याच्या शिष्याने, इब्न हिशाम यांनी, नवव्या शतकाच्या आरंभी इजिप्तमध्ये तयार केले. पैगंबरांचे निधन 632 साली झाले, इब्न इसहाक 767च्या सुमारास वारले आणि इब्न हिशाम 830च्या आसपास. म्हणजे प्रसंग घडल्यापासून तो आपल्या हाती पडणाऱ्या पुस्तकात स्थिर होईपर्यंत सुमारे दोनशे वर्षे गेली. या दोनशे वर्षांत मजकूर कोणाकोणाच्या हातांतून गेला आणि प्रत्येक हाताने त्याचे काय केले, हे शोधल्याशिवाय अभ्यासकाला पुढे पाऊल टाकता येत नाही.

पैगंबरांच्या पश्चात पहिल्या पिढीने त्यांचे चरित्र लिहिले नाही. त्यांना पाहिलेली माणसे, म्हणजे सहाबी, आठवणी सांगत आणि त्यांची मुले-नातवंडे त्या ऐकत. कोण कोणत्या लढाईत होते, हिजरतीत कोण आधी निघाले, कोणाच्या घरी पैगंबर उतरले होते, हे प्रश्न अनेक घराण्यांच्या दृष्टीने जिव्हाळ्याचे होते. खलिफा उमर यांच्या काळात राज्याच्या खजिन्यातून मिळणारे वेतनही इस्लाम कोणी किती आधी स्वीकारला त्यावर ठरे. मशिदींमध्ये ‘कास’ म्हणजे धर्मकथा सांगणारे कथेकरी बसत. ते कुराणातल्या संकेतांभोवती गोष्टी गुंफत आणि श्रोत्यांना रडवत. घराण्यांच्या आठवणी आणि कथेकऱ्यांच्या गोष्टी हे दोन झरे पुढच्या चरित्रवाङ्मयात मिसळले आणि आज ते वेगळे करणे फार अवघड झाले आहे.

हा विखुरलेला मजकूर पद्धतशीरपणे गोळा करणाऱ्यांमध्ये पहिले ठळक नाव उर्वा इब्न अल्-जुबैर यांचे. त्यांचे निधन 712च्या सुमारास झाले. पैगंबरांच्या पत्नी आयेशा या उर्वा यांच्या मावशी. मावशीकडून ऐकलेल्या अनेक गोष्टी त्यांनी पुढे सांगितल्या. उमय्या घराण्याचा खलिफा अब्दुल मलिक याने त्यांना जुन्या घटनांविषयी प्रश्न विचारले आणि उर्वा यांनी पत्रांतून उत्तरे दिली, असे परंपरा सांगते. ही पत्रे इतिहासकार अल्-तबरी यांच्या ग्रंथात उतरलेली आढळतात. त्यांतला तपशील मोजका आणि निवेदन साधे आहे. मक्केतला छळ, काही अनुयायांचे हबशांच्या देशात जाणे, मदिनेकडे झालेली हिजरत आणि बद्रची लढाई यांच्याबद्दल त्यांत सरळ माहिती येते. ही पत्रे खरोखरच उर्वा यांची असतील, तर पैगंबरांच्या निधनानंतर सत्तर-ऐंशी वर्षांत त्यांच्या जीवनाची एक रूपरेषा तयार झाली होती, असा त्याचा अर्थ होतो.

उर्वा यांचे शिष्य इब्न शिहाब अल्-जुहरी 742 साली वारले. त्यांनी या कामाला शिस्त लावली. प्रत्येक कथनाआधी ते कोणाकडून आले हे सांगण्याची रीत त्यांच्या काळात रुजली. अमुकाने तमुकाकडून ऐकले, तमुकाने आयेशांकडून, अशी ही नावांची साखळी. तिला इस्नाद म्हणतात आणि साखळीनंतर येणाऱ्या मूळ मजकुराला मतन. जुहरी यांची आणखी एक सवय होती आणि पुढच्या अभ्यासकांपुढे तिने मोठा पेच उभा केला. एकाच घटनेची चार जणांनी दिलेली माहिती ते एकत्र करत, तिच्यातून सलग गोष्ट रचत आणि आरंभी प्रामाणिकपणे सांगत की प्रत्येकाने यातला काही भाग सांगितला असून आपण सगळे जोडून देत आहोत. वाचकाला त्यामुळे गोष्ट सुबक मिळाली. पण कोणते वाक्य कोणाचे, हे कळण्याची वाट तिथेच बंद झाली.

इब्न इसहाक हे या जुहरींचे शिष्य. त्यांचा जन्म 704च्या सुमारास मदिनेत झाला. त्यांचे आजोबा यसार इराकमधल्या ऐन अल्-तम्र इथे मुस्लिम सैन्याच्या हाती सापडले होते. बंदिवान म्हणून मदिनेत आणल्यावर ते मुक्त झाले आणि तिथेच स्थायिक झाले. वडील आणि काकाही जुन्या हकिकती सांगणारे, त्यामुळे संकलनाचे वेड घरातूनच आले असावे. इब्न इसहाक यांनी सहाबींच्या मुलानातवंडांना गाठून माहिती घेतली, घराण्यांकडच्या याद्या मिळवल्या आणि कवने गोळा केली. खैबरच्या मोहिमेविषयी त्यांनी पूर्वाश्रमीच्या यहुदी घराण्यांतल्या लोकांनाही विचारले. आजच्या इतिहासकाराला ही दृष्टी कौतुकाची वाटेल, पण त्या काळी याच गोष्टीवरून त्यांच्यावर टीका झाली. मदिनेचे थोर धर्मशास्त्री मालिक इब्न अनस यांचे आणि त्यांचे वितुष्ट प्रसिद्ध आहे. उर्वा यांचे पुत्र हिशाम यांनी तर, आपल्या पत्नीचे नाव कथनांच्या साखळीत घालण्याइतकी तिची आणि या माणसाची भेट झालीच कधी, असा आक्षेप घेतला. अखेर इब्न इसहाक यांनी मदिना सोडली. इराक आणि पूर्वेकडच्या शहरांत त्यांनी अध्यापन केले आणि शेवटी ते अब्बासी खलिफा अल्-मन्सूर याच्या नव्या राजधानीत, बगदादला आले. खलिफाच्या सांगण्यावरून राजपुत्रासाठी त्यांनी हा ग्रंथ रचला, अशी हकिकत सांगितली जाते.

ग्रंथाची मांडणी भव्य होती. पहिल्या भागात सृष्टीच्या आरंभापासून आदम, इब्राहिम, मूसा, ईसा यांच्यापर्यंतचा आणि प्राचीन अरबस्तानाचा वृत्तांत होता. दुसऱ्या भागात मक्केतले जीवन आणि प्रेषितत्वाचा प्रारंभ होता, तर तिसऱ्यात मदिनेतला काळ आणि मोहिमा. या मोहिमांना मगाझी म्हणतात आणि चरित्रवाङ्मयालाच पुष्कळदा हे नाव दिले जाई. विस्कळीत कथनांना कालक्रमाच्या दोऱ्यात ओवून एका माणसाचे सलग आयुष्य उभे करणे ही इब्न इसहाक यांची मोठी कामगिरी. आपण ऐकलेले सगळेच खरे आहे असा दावा ते करत नाहीत. संशय असेल तिथे ‘असे त्यांचे म्हणणे आहे’ किंवा ‘मला असे सांगण्यात आले’ अशी शब्दयोजना करतात आणि दोन विरोधी कथने आली की खरे काय ते अल्लाह जाणे, असे म्हणून पुढे जातात. संकलक म्हणून त्यांचा हा संयम आदर वाटावा असा आहे.

त्या काळी ग्रंथ प्रकाशित होत नसे. गुरू आपल्या टिपणांवरून शिकवत, शिष्य उतरवून घेत आणि पुढे आपल्या शिष्यांना सांगत. इब्न इसहाक यांनी वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या वर्षी शिकवले. त्यामुळे त्यांचा मजकूर शिष्यागणिक थोडा वेगळा झाला. कुफ्याच्या यूनुस इब्न बुकैर यांची एक परंपरा होती, रय शहरातल्या सलमा इब्न अल्-फज्ल यांची दुसरी आणि झियाद अल्-बक्काई यांची तिसरी. इब्न हिशाम यांनी बक्काईंकडून आलेला मजकूर घेतला. तबरींनी मुख्यतः सलमा यांचा वापरला. यूनुस यांच्या परंपरेतला मोठा तुकडा मोरोक्कोतल्या फेस शहरातल्या करवीयीन ग्रंथालयात हस्तलिखितरूपाने टिकून होता. तो दमास्कसमधल्या दुसऱ्या एका तुकड्यासह हैदराबादचे विद्वान मुहम्मद हमीदुल्ला यांनी संपादित केला आणि 1976 साली तो रबातमधून प्रसिद्ध झाला. या तिन्ही परंपरा शेजारी ठेवल्या की एकच प्रकरण कुठे लांबते, कुठे आखडते आणि कुठे गाळले जाते हे उघड दिसते.

काय गाळले याची कबुली इब्न हिशाम स्वतः प्रस्तावनेत देतात. इस्माईलपूर्व प्रेषितांचा बहुतेक भाग त्यांनी सोडला, कारण तो पैगंबरांच्या जीवनाशी थेट निगडित नव्हता. काव्याच्या जाणकारांना माहीत नसलेली कवने त्यांनी वगळली. ज्यांची चर्चा अशोभनीय आहे अशा गोष्टी, काही लोकांना दुखावतील अशा गोष्टी आणि बक्काईंनी ज्यांना दुजोरा दिला नाही अशा गोष्टीही बाजूला ठेवल्या. संपादकाने कात्री कुठे चालवली हे इतक्या मोकळेपणाने सांगावे, हे त्या काळी विरळाच. तरीही नेमके कोणते वाक्य गेले हे त्यावरून समजत नाही. ते तबरींशी ताडूनच पाहावे लागते.

याचे एक उदाहरण बद्रच्या लढाईतले आहे. 624 साली मदिनेतल्या मुस्लिमांनी मक्केच्या कुरैशांचा पराभव केला आणि काही जण कैद झाले. पैगंबरांचे काका अब्बास त्या वेळी मक्केच्या बाजूने आले होते. ते पकडले गेले आणि त्यांनी खंडणी देऊन सुटका करून घेतली, असा वृत्तांत तबरींच्या ग्रंथात इब्न इसहाक यांच्या नावावर आहे. इब्न हिशाम यांच्या आवृत्तीत कैद्यांची यादी आहे, पण तिच्यात अब्बास यांचे नाव नाही. 750 साली सत्तेवर आलेले अब्बासी घराणे स्वतःला याच अब्बासांचे वंशज म्हणवत असे. आपला मूळ पुरुष पैगंबरांच्या विरुद्ध उभा राहून कैद झाला होता, हे राजघराण्याला रुचणे कठीण होते. नाव बक्काईंनी वगळले की इब्न हिशाम यांनी, हे ठरवता येत नाही. पण दोन परंपरा हाती असल्याने निदान काहीतरी निसटले आहे एवढे तरी कळते. जिथे एकच परंपरा उरली आहे, तिथे असे काय निसटले असेल याचा सुगावा लागायला मार्गच नाही.

मजकूर गळतो तसा तो वाढतोही. इब्न इसहाक यांच्यानंतरचे महत्त्वाचे चरित्रकार म्हणजे अल्-वाकिदी. ते बगदादमध्ये न्यायाधीश होते आणि 823च्या सुमारास वारले. मोहिमांवरचा त्यांचा ग्रंथ आल्फ्रेड फॉन क्रेमर यांनी दमास्कसमध्ये मिळालेल्या हस्तलिखितावरून संपादित केला आणि तो 1856च्या सुमारास कोलकात्यात छापला गेला. वाकिदींची शैली तपशिलांनी भरलेली आहे. महिना, दिवस, वाट, माणसांची संख्या, सगळे त्यांना ठाऊक असते. हदीसच्या परीक्षकांनी मात्र त्यांना पूर्वीपासूनच अविश्वसनीय ठरवले आहे.

खर्रारची मोहीम हा त्यातला बोलका नमुना. इब्न इसहाक यांच्याकडे तिची नोंद जेमतेम दोन वाक्यांची आहे : पैगंबरांनी साद इब्न अबी वक्कास यांना आठ मुहाजिरांसह पाठवले, ते खर्रारपर्यंत गेले आणि चकमक न होता परतले. वाकिदींकडे हीच गोष्ट स्वतः साद सांगतात. हिजरतीनंतर नऊ महिन्यांनी, जुल-कादा महिन्यात कुरैशांचा काफिला अडवायला ते निघाले. बरोबर वीस किंवा एकवीस माणसे होती आणि सगळी पायी. दिवसा दडून राहायचे, रात्री चालायचे. पाचव्या दिवशी सकाळी खर्रारला पोचले तर काफिला आदल्याच दिवशी निघून गेलेला. इब्न इसहाक यांनी यातले काहीच सांगितलेले नाही, एवढेच नव्हे तर माणसांची संख्याही वेगळी दिली आहे. पॅट्रिशिया क्रोन या इतिहासकारांनी 1987 साली यावर बोट ठेवले. दोन पिढ्यांहूनही कमी काळात एवढा तपशील कुठून आला, असा त्यांचा सवाल होता. इब्न इसहाक यांच्याआधीच्या शतकात, जेव्हा बहुतेक काही लिहून ठेवलेलेही नव्हते, तेव्हा किती भर पडली असेल, हा त्यापुढचा सवाल अधिक गंभीर होता. वाकिदींना इतर घराण्यांची स्वतंत्र माहिती मिळाली असेल, असे उत्तर काही अभ्यासक देतात. ते काही ठिकाणी पटते. पण गोष्ट जसजशी जुनी होते तसतशी ती अधिकाधिक नेमकी होत जावी, हे कोणत्याही साधनग्रंथाबाबत सावध करणारे लक्षण आहे.

हे प्रश्न पाश्चात्त्य विद्वानांनीच पहिल्यांदा विचारले असे समजणे चूक ठरेल. भारतातही त्यावर जोमदार चर्चा झाली. ब्रिटिश अधिकारी विल्यम म्यूर यांनी 1858 ते 1861 या काळात वाकिदींच्या परंपरेचा भरपूर आधार घेत पैगंबरांचे इंग्रजी चरित्र लिहिले. त्याला उत्तर देण्यासाठी सर सय्यद अहमद खान लंडनला गेले, तिथल्या ग्रंथालयांत साधने चाळली आणि 1870 साली त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. ज्या कथनाची साखळी कच्ची आहे त्यावर आरोपाची इमारत उभी करता येत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. पुढे शिबली नोमानी यांनी आपल्या उर्दू चरित्राच्या प्रस्तावनेत साधनांची सविस्तर छाननी केली आणि चरित्रग्रंथांपेक्षा हदीसच्या प्रमाणित संग्रहांना झुकते माप दिले. चरित्रकारांना धर्मशास्त्र्यांइतकी कठोर कसोटी लावलेली नसते, हे त्यांचे निरीक्षण अचूक होते.

मग साखळी पक्की असली की काम झाले का? इथेच सर्वांत मोठा पेच आहे. इग्नाझ गोल्डझिहर यांनी 1890मध्ये आणि योसेफ शाख्त यांनी 1950मध्ये दाखवले की साखळ्याही काळानुसार सुधारत गेल्या. आधी अर्धवट असलेली साखळी पुढच्या पिढीच्या ग्रंथात थेट पैगंबरांपर्यंत पोचते. जुन्या परीक्षकांचा भर माणसांवर होता : हा सांगणारा सचोटीचा होता का, स्मरणशक्ती चांगली होती का, त्याची आणि गुरूची भेट शक्य होती का. पण एखाद्या गोष्टीला उत्तम नावांची साखळी नंतर जोडली गेली असेल, तर या कसोटीला ते पकडता येत नाही.

पहिल्या प्रकटीकरणाचा प्रसंग या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. 610च्या सुमारास मक्केजवळच्या हिरा डोंगरावर पैगंबरांना पहिला दैवी संदेश मिळाला, अशी परंपरा आहे. इब्न इसहाक यांनी ही हकिकत वहब इब्न कैसान यांच्याकडून घेतली आहे. वहब सांगतात की उर्वा यांचे थोरले बंधू अब्दुल्ला इब्न अल्-जुबैर यांच्या बैठकीत मक्केचे कथेकरी उबैद इब्न उमैर यांना हा आरंभ कसा झाला असे विचारले गेले आणि त्यांनी तो सांगितला. या कथनात पैगंबर दरवर्षी एक महिना हिरावर एकांतात राहत आणि गरिबांना जेवू घालत. त्या वर्षी ते झोपेत असताना जिब्रील रेशमी वस्त्रावर काही लिहिलेले घेऊन आले आणि ‘वाच’ म्हणाले. जागे झाल्यावर शब्द हृदयावर कोरल्यासारखे वाटले.

बुखारींच्या हदीससंग्रहात हाच प्रसंग जुहरी, उर्वा, आयेशा अशा साखळीने येतो. इथे सुरुवात पहाटेच्या उजेडासारख्या स्वच्छ स्वप्नांनी होते. पण हिराच्या गुहेतला प्रसंग झोपेतला नाही, देवदूत प्रत्यक्ष समोर येतो. रेशमी वस्त्र नाही. देवदूत तीनदा घट्ट आवळतो, पैगंबर थरथरत घरी येतात, खदीजा त्यांना धीर देतात आणि आपले चुलत बंधू वरका इब्न नौफल यांच्याकडे नेतात. पारंपरिक कालगणनेनुसार 610 साली आयेशांचा जन्मही झालेला नव्हता. त्यांनी हे पुढे पैगंबरांच्याच तोंडून ऐकले असणार, असे हदीसचे विद्वान म्हणतात आणि त्यांच्या चौकटीत ते उत्तर सुसंगत आहे.

तिसरे कथन जाबिर इब्न अब्दुल्ला या सहाबींचे. कुराणातला कोणता भाग आधी उतरला असे विचारल्यावर ते ‘अल्-मुद्दस्सिर’ ही 74वी सूरा सांगतात. विचारणारा म्हणतो, मी तर 96व्या सूरेतले ‘इक्रा’ पहिले असे ऐकले आहे. जाबिर आपल्या म्हणण्यावर ठाम राहतात. पण जाबिर यांचेच कथन जुहरींमार्फत येते तेव्हा त्यात एक वाक्य वाढलेले दिसते : प्रकटीकरण काही काळ थांबले होते आणि मग ‘हिरावर आलेला तोच देवदूत’ पुन्हा दिसला. या एका वाक्याने दोन विरोधी कथने एका क्रमात बसतात. आधी 96वी सूरा, मग खंड, मग 74वी. सगळे जुळते, आणि जुळणी नेमकी त्या माणसाच्या हातची दिसते ज्याच्यापर्यंत दोन्ही कथने पोचली होती.

जर्मन अभ्यासक ग्रेगोर शोलर यांनी या कथनांच्या उपलब्ध सर्व आवृत्त्या एकत्र करून छाननी केली. त्यांचा निष्कर्ष असा की मूळ कथा उबैद यांच्यासारख्या कथेकऱ्याच्या तोंडून जुबैर घराण्याच्या वर्तुळात आली. तिथेच उर्वा वाढले. पुढे तिची कथेकरी शैली कमी झाली, ती आटोपशीर हदीसच्या रूपात घडवली गेली आणि तिला आयेशांपर्यंतची साखळी मिळाली. अब्दुल्ला इब्न अल्-जुबैर 692मध्ये मारले गेले. तेव्हा ती बैठक त्याआधीची आणि कथा पैगंबरांच्या निधनानंतरच्या साठ वर्षांच्या आत प्रचारात होती, एवढे यातून हाती लागते. हिरावर नेमके काय घडले, याचे उत्तर ही पद्धत देत नाही आणि तिच्याकडून ते मागूही नये.

या पद्धतीत साखळी आणि मजकूर दोन्ही एकाच वेळी तपासले जातात. एका हकिकतीच्या मिळतील तेवढ्या आवृत्त्या गोळा करायच्या, सगळ्या साखळ्यांचा वंशवृक्षासारखा आराखडा काढायचा आणि मग शब्दरचनेची तुलना करायची. एकाच गुरूच्या तीन शिष्यांच्या मजकुरात आपापल्या लकबी असतील, तरीही गाभा समान असेल, तर तो गाभा त्या गुरूकडून आला असे धरता येते. दोन मजकूर शब्दशः एक असतील आणि साखळ्या मात्र वेगळ्या असतील, तर कोणीतरी उचलून दुसरी साखळी जोडल्याचा संशय घ्यावा लागतो. हाराल्ड मोट्झकी, शोलर आणि आन्द्रेआस ग्यॉर्के यांनी अशा रीतीने बरेच साहित्य जुहरींपर्यंत आणि काही उर्वा यांच्यापर्यंत मागे नेले. टीकाकार म्हणतात की उर्वा यांच्यापर्यंत पोचणारा गाभा अनेकदा अगदी पातळ असतो, चार-पाच ओळींचा. हा आक्षेप रास्त आहे. शिवाय उर्वांच्या आधीची पन्नास-साठ वर्षे या चाळणीतून दिसत नाहीत.

त्या अंधारात प्रकाश पाडण्यासाठी अभ्यासक चरित्रग्रंथांबाहेरची साधने पाहतात. कधी ती नवा प्रश्नच उभा करतात. पैगंबरांचा जन्म ‘हत्तीच्या वर्षी’, म्हणजे यमनचा शासक अब्रहा हत्ती घेऊन मक्केवर चालून आला त्या वर्षी झाला, असे चरित्रे सांगतात आणि ते वर्ष साधारण 570 धरले जाते. पण सौदी अरबस्तानातल्या मुरैगान इथे अब्रहाचा शिलालेख सापडला आहे. मध्य अरबस्तानातल्या त्याच्या स्वारीची नोंद त्यात असून त्याचे साल 552 येते. त्यात मक्केचा उल्लेख नाही. ती हीच स्वारी का, यावर मतभेद आहेत. मात्र जन्म आणि हत्तीची स्वारी यांत काही दशकांचे अंतर सांगणारी कथने जुन्या ग्रंथांतही आहेत. म्हणजे संकलकांपर्यंत नक्की साल पोचलेच नव्हते आणि नंतर एक पर्याय रूढ झाला, अशी शक्यता बळावते. वयाच्या चाळिसाव्या वर्षी प्रेषितत्व, ही गणनाही त्यामुळे तपासून पाहावी लागते, कारण चाळीस हा त्या परंपरेत परिपक्वतेचा आकडा मानला जातो.

उलट दिशेचे उदाहरण मदिनेच्या कराराचे आहे. हिजरतीनंतर पैगंबरांनी मदिनेतल्या टोळ्यांना बांधणारा एक लेखी दस्तऐवज केला. त्याचे पूर्ण पाठ्य इब्न इसहाक देतात, पण कोणतीही साखळी न देता. हदीसच्या कसोटीवर ते टिकू नये. तरीही पारंपरिक चरित्रांविषयी अत्यंत साशंक असलेले विद्वानसुद्धा हा मजकूर बहुतांशी अस्सल मानतात. त्याची भाषा जुनाट आणि ठिकठिकाणी दुर्बोध आहे. त्यात खून आणि रक्तमोल यांची जबाबदारी टोळीवार वाटलेली आहे. त्यातले यहुदी गट एकाच समुदायाचा भाग म्हणून येतात आणि पुढच्या काळातल्या राजकारणाला सोयीचे ठरेल असे त्यात फारसे काही नाही. नंतरच्या कोणी रचला असता तर तो असा रचला नसता, हा तर्क इथे कामाला येतो. हमीदुल्ला यांनी या कराराची कलमे लावून त्यावर दीर्घकाळ काम केले. हा एकच दस्तऐवज आहे की वेगवेगळ्या वेळी झालेल्या अनेक करारांची जुळणी, यावर मात्र अजून एकमत नाही.